नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांची यंत्रणा

नैर्ऋत्य मोसमी वारे हे जून ते सप्टेंबर या काळात हिंदी महासागर आणि अरबी समुद्रावरून भारतीय उपखंडाकडे वाहणारे बाष्पयुक्त वारे होत. हे वारे मुळात दक्षिण गोलार्धातील आग्नेय व्यापारी वारे असतात. उत्तर गोलार्धातील उन्हाळ्यात विषुववृत्तालगतचा कमी दाबाचा पट्टा भारतीय भूभागावर उत्तरेकडे सरकतो. त्याच्या ओढीने दक्षिणेकडील वारे विषुववृत्त ओलांडतात आणि पृथ्वीच्या परिवलनामुळे निर्माण होणाऱ्या कोरिऑलिस परिणामामुळे उजवीकडे वळून नैर्ऋत्येकडून वाहू लागतात. भारतात या चार महिन्यांत सरासरी सुमारे ८७ सेंटिमीटर पाऊस पडतो.

'मोसमी' हा शब्द ऋतू या अर्थाच्या अरबी 'मौसिम' या शब्दावरून आला आहे. भूगोलशास्त्रात मान्सून म्हणजे केवळ पाऊस नव्हे. ऋतुमानानुसार वाऱ्यांची दिशा बदलणे हे त्याचे मुख्य लक्षण आहे. पाऊस हा त्या बदलाचा परिणाम होय.

## वायुदाब पट्टे आणि त्यांचे सरकणे

विषुववृत्ताजवळ सूर्यकिरण वर्षभर लंबरूप किंवा जवळजवळ लंबरूप पडतात. तेथील हवा तापून प्रसरण पावते, हलकी होऊन वर जाते आणि पृष्ठभागावर कमी दाबाचा पट्टा तयार होतो. वर गेलेली हवा दोन्ही ध्रुवांच्या दिशेने पसरते, थंड होते आणि साधारणपणे ३०° अक्षवृत्तांच्या आसपास खाली उतरते. त्यामुळे तेथे दोन्ही गोलार्धांत जास्त दाबाचे पट्टे निर्माण होतात. या पट्ट्यांकडून विषुववृत्ताकडे परतणारी हवा म्हणजे व्यापारी वारे. उत्तर गोलार्धात ते ईशान्येकडून, तर दक्षिण गोलार्धात आग्नेयेकडून वाहतात. दोन्ही गोलार्धांतील हे वारे जेथे एकत्र येतात, त्या भागास आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्टा म्हणतात.

हा अभिसरण पट्टा एका जागी स्थिर नसतो. सूर्याच्या भासमान भ्रमणामागोमाग तो उत्तरेकडे व दक्षिणेकडे सरकतो. मात्र हे सरकणे सर्वत्र सारखे नसते. अटलांटिक आणि पॅसिफिक महासागरांच्या खुल्या पाण्यावर तो जुलैतही बहुधा ५° ते १०° उत्तर अक्षवृत्तांच्या दरम्यान राहतो. भारतीय भूभागावर मात्र तो २५° उत्तर अक्षवृत्ताच्या आसपास, म्हणजे गंगेच्या मैदानापर्यंत पोहोचतो.

या फरकाचे कारण जमीन आणि पाणी यांच्या तापण्यात आहे. पाण्याची विशिष्ट उष्णता जमिनीच्या तुलनेत बरीच जास्त असते. शिवाय समुद्रात लाटांमुळे उष्णता काही दशक मीटर खोलीपर्यंत मिसळली जाते. जमिनीत मात्र ती वरच्या पातळ थरातच राहते. सारखेच ऊन पडले तरी जमीन लवकर तापते आणि समुद्र सावकाश तापतो. हिंदी महासागराच्या उत्तरेला आशियाचा विस्तीर्ण भूभाग असल्याने कमी दाबाच्या पट्ट्याला येथे उत्तरेकडे खूप दूरवर सरकण्यास वाव मिळतो.

जुलैमध्ये हा पट्टा राजस्थानातील श्रीगंगानगरच्या परिसरापासून प्रयागराज, कोलकाता या भागांवरून बंगालच्या उपसागराच्या उत्तर भागापर्यंत पसरलेला असतो. हवामान वृत्तांत त्याचा उल्लेख 'मान्सूनचा आस असलेला कमी दाबाचा पट्टा' असा केला जातो. त्याच्या पश्चिम टोकाशी, पाकिस्तान आणि राजस्थानच्या वाळवंटी भागात, पृष्ठभागावरील दाब सुमारे ९९५ हेक्टोपास्कलपर्यंत उतरतो. याच काळात दक्षिण हिंदी महासागरात ३०° दक्षिण अक्षवृत्ताच्या आसपास, मॉरिशस आणि मादागास्करच्या दक्षिणेस व आग्नेयेस, मास्करेन उच्चदाब क्षेत्र प्रबळ असते. तेथील दाब १०२० हेक्टोपास्कलहून अधिक असतो. या दोन क्षेत्रांतील दाबाचा फरक हे नैर्ऋत्य मोसमी वाऱ्यांचे मूळ प्रेरक होय.

## कोरिऑलिस परिणाम

दाबाच्या फरकामुळे हवा जास्त दाबाकडून कमी दाबाकडे ढकलली जाते. पृथ्वी स्वतःभोवती फिरत नसती, तर मास्करेन क्षेत्राकडून निघालेला वारा जवळजवळ सरळ उत्तरेकडे भारतात आला असता. प्रत्यक्षात पृथ्वी पश्चिमेकडून पूर्वेकडे फिरते आणि तिच्यासोबत फिरणाऱ्या निरीक्षकाला वाहती हवा आपल्या मार्गापासून वळताना दिसते. उत्तर गोलार्धात ती वाहण्याच्या दिशेच्या उजवीकडे, तर दक्षिण गोलार्धात डावीकडे वळते. या नियमास शालेय भूगोलात फेरेलचा नियम म्हणतात.

वळण्याची तीव्रता अक्षांशावर अवलंबून असते. ती पुढील गुणांकाने मोजतात:

f = 2Ω sin φ

येथे Ω हा पृथ्वीच्या परिवलनाचा कोनीय वेग (दर सेकंदास ०.००००७२९ रेडियन) आणि φ हा अक्षांश होय. या गुणांकाला वाऱ्याच्या वेगाने गुणले की वाऱ्याला आडव्या दिशेने मिळणारे त्वरण मिळते. विषुववृत्तावर sin φ शून्य असल्याने हा परिणाम तेथे शून्य असतो. ५° अक्षवृत्तावर तो अगदी क्षीण असतो आणि ध्रुवांवर सर्वाधिक होतो.

मुंबईच्या अक्षांशावर, म्हणजे सुमारे १९° उत्तरेस, f चे मूल्य दर सेकंदास सुमारे ०.००००४७५ येते. तेथे वारा सेकंदाला १५ मीटर, म्हणजे ताशी ५४ किलोमीटर वेगाने वाहत असेल, तर त्याला उजवीकडे मिळणारे त्वरण दर सेकंदाच्या वर्गास केवळ ०.०००७ मीटर असते. गुरुत्वीय त्वरणाच्या तुलनेत ते दहा हजारांश भागाहूनही कमी आहे. म्हणूनच मोरीतून वाहून जाणाऱ्या पाण्याच्या भोवऱ्याची दिशा कोरिऑलिस परिणाम ठरवतो, ही प्रचलित समजूत चुकीची आहे. मोरीतील पाणी काही सेकंदांत निघून जाते. तेवढ्या वेळात भांड्याचा आकार आणि पाण्याची आधीची हालचाल यांचाच प्रभाव राहतो.

वाऱ्याच्या बाबतीत मात्र वेळ भरपूर असतो. दुसरे कोणतेही बल नाही असे गृहीत धरल्यास वरील वारा एका तासात ५४ किलोमीटर पुढे जाताना सुमारे साडेचार किलोमीटर उजवीकडे सरकतो. विस्थापन वेळेच्या वर्गाच्या प्रमाणात वाढत असल्याने तीन तासांत हा सरकाव ४० किलोमीटरच्या आसपास पोहोचतो. कित्येक दिवस वाहणाऱ्या वाऱ्याची दिशा त्यामुळे पूर्णपणे बदलते.

कोरिऑलिस बल नेहमी वाहण्याच्या दिशेशी काटकोनात असते. त्यामुळे ते वाऱ्याचा वेग वाढवत नाही किंवा कमी करत नाही, केवळ दिशा बदलते. वारा सुरू करण्याचे काम दाबाचा फरकच करतो.

### दाब आणि वळण यांचा समतोल

वाहू लागलेली हवा वळत वळत शेवटी अशा स्थितीला येते, की डावीकडे ओढणारे दाबाचे बल आणि उजवीकडे ढकलणारे कोरिऑलिस बल सारखे होतात. तेव्हा वारा कमी दाबाकडे सरळ न जाता समदाब रेषांना जवळजवळ समांतर वाहतो. डच हवामानशास्त्रज्ञ बाइज बॅलट यांनी १८५७ मध्ये मांडलेला नियम याच समतोलाचे वर्णन करतो: उत्तर गोलार्धात वाऱ्याकडे पाठ करून उभे राहिल्यास कमी दाबाचे क्षेत्र डाव्या हाताला असते. जुलैमध्ये कोकण किनाऱ्यावर पश्चिम-नैर्ऋत्येकडून येणाऱ्या वाऱ्याकडे पाठ केल्यास डावा हात उत्तरेकडे येतो. कमी दाबाचा पट्टाही त्याच दिशेला असतो. जमिनीलगत घर्षणामुळे वाऱ्याचा वेग मंदावतो आणि कोरिऑलिस बल क्षीण होते. त्यामुळे तेथे वारा समदाब रेषांना तिरपा छेद देत कमी दाबाकडे झुकतो. या झुकण्यामुळेच कमी दाबाच्या पट्ट्यात हवा एकत्र येते आणि वर ढकलली जाते.

या समतोलातून मोसमी प्रदेशाचे एक वैशिष्ट्य स्पष्ट होते. १५° उत्तर अक्षवृत्तावर सेकंदाला १५ मीटर वेगाचा वारा टिकून राहण्यासाठी दर हजार किलोमीटरला सुमारे साडेसहा हेक्टोपास्कल एवढाच दाबाचा फरक पुरतो. ४५° अक्षवृत्तावर तेवढ्याच वेगाच्या वाऱ्यासाठी जवळपास १८ हेक्टोपास्कल लागतात, कारण तेथे कोरिऑलिस बल अधिक असते. उष्ण कटिबंधात दाबातील लहान बदलही म्हणूनच महत्त्वाचे ठरतात. पश्चिम किनाऱ्यालगत केरळपासून गुजरातपर्यंत दाबात दोन-तीन हेक्टोपास्कलांची घट-वाढ झाली, तरी मोसमी वाऱ्यांच्या जोरात जाणवण्याइतका फरक पडतो.

## विषुववृत्त ओलांडणारा प्रवाह

मास्करेन उच्चदाब क्षेत्रातून निघालेल्या हवेचा मार्ग पाहिल्यास दाब पट्टे आणि कोरिऑलिस परिणाम यांचे एकत्रित कार्य दिसून येते.

जुलैमध्ये ही हवा प्रथम उत्तरेकडे निघते. दक्षिण गोलार्धात असल्याने ती डावीकडे, म्हणजे पश्चिमेकडे वळते आणि आग्नेयेकडून वायव्येकडे वाहू लागते. उबदार समुद्रावरून जाताना तिच्यातील बाष्प वाढत जाते. आफ्रिकेच्या पूर्व किनाऱ्याजवळ पोहोचल्यावर केनिया आणि इथिओपियातील उंच पठारी प्रदेश तिला पश्चिमेकडे जाऊ देत नाहीत. भिंतीला अडलेल्या पाण्याप्रमाणे हा प्रवाह किनाऱ्यालगत अरुंद आणि वेगवान होतो. विषुववृत्त ओलांडताना तो जवळजवळ सरळ उत्तरेकडे वाहत असतो, कारण तेथे कोरिऑलिस परिणाम नाहीसा झालेला असतो.

विषुववृत्ताच्या उत्तरेस गेल्यावर वळणाची दिशा उलटते. आता हवा उजवीकडे वळू लागते. आरंभी हे वळण सौम्य असते. ५° अक्षवृत्तानंतर ते स्पष्ट होते. सोमालियाच्या किनाऱ्यावरून हा प्रवाह ईशान्येकडे वळतो आणि मध्य अरबी समुद्रावर तो जवळपास पूर्वेकडे वाहतो. अशा रीतीने आग्नेय व्यापारी वारा दुसऱ्या गोलार्धात नैर्ऋत्य वारा बनतो. केनियाच्या किनाऱ्यापासून कोकणापर्यंतचे सुमारे चार हजार किलोमीटरचे अंतर ताशी ५४ किलोमीटर वेगाने कापण्यास या हवेला साधारण तीन दिवस लागतात.

समुद्रसपाटीपासून सुमारे दीड किलोमीटर उंचीवर हा प्रवाह सर्वांत वेगवान असतो. त्यास सोमाली जेट प्रवाह किंवा फिंडलेटर जेट म्हणतात. ब्रिटिश हवामानशास्त्रज्ञ जे. फिंडलेटर यांनी १९६९ मध्ये त्याचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. हा प्रवाह बळकट झाला की पश्चिम किनाऱ्यावरील पाऊस बहुधा वाढतो आणि क्षीण झाला की तो ओसरतो.

कोरिऑलिस परिणाम केवळ हवेवर होत नाही. सोमालियाच्या किनाऱ्याला समांतर वाहणारा वारा समुद्राच्या पृष्ठभागाचे पाणी ढकलतो. ते पाणीही उजवीकडे, म्हणजे किनाऱ्यापासून दूर सरकते. त्याची जागा घेण्यासाठी खोलवरचे थंड पाणी वर येते. परिणामी पश्चिम अरबी समुद्र जून ते ऑगस्टमध्ये, ऐन उन्हाळा असूनही, थंड होतो. मोसमी वारे स्वतःच आपल्या मार्गातील समुद्र काही अंशी थंड करतात आणि जमीन व समुद्र यांच्या तापमानातील तफावत टिकून राहण्यास हातभार लावतात.

## सुप्त उष्णता आणि पर्वतांचे कार्य

अरबी समुद्रावरून आलेली हवा प्रथम सह्याद्रीला अडते. जवळजवळ एक किलोमीटर उंचीचा हा कडा चढताना हवा प्रसरण पावून थंड होते आणि काहीशे मीटर उंचीवरच तिच्यातील बाष्पाचे सांद्रीभवन सुरू होते. त्यामुळे कोकण आणि घाटमाथा येथे मुसळधार पाऊस पडतो. पूर्वेकडे उतरताना तीच हवा दाबली जाऊन तापते व तिची सापेक्ष आर्द्रता घटते. घाटमाथ्यावरील महाबळेश्वरला वर्षाला ५,५०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो, तर सुमारे तीस किलोमीटरवरील वाईला तो हजार मिलिमीटरहून कमी असतो. वाईच्या पूर्वेकडील माणदेश हा पर्जन्यछायेचा प्रदेश आहे.

सह्याद्री पावसाचे स्थान ठरवतो, परंतु मान्सून टिकवून धरण्याचे काम बाष्पातील सुप्त उष्णता करते. एक किलोग्रॅम बाष्पाचे पाणी होताना सुमारे २५ लाख जूल उष्णता हवेत मोकळी होते. दिवसभरात दहा मिलिमीटर पाऊस पडला, तर दर चौरस मीटरमागे सरासरी २९० वॅट एवढ्या दराने वातावरण तापते. ही उष्णता जमिनीजवळ नव्हे, तर ढगांच्या उंचीवर मिळते. तापलेली हवा वर जाते, खालचा दाब आणखी उतरतो आणि समुद्रावरून अधिक बाष्प ओढले जाते. एकदा पाऊस सुरू झाला की तो पुढील पावसाला पोषक ठरतो, याचे हे कारण आहे.

उत्तरेकडे हिमालय आणि तिबेटचे पठार यांचे कार्य दुहेरी मानले जाते. साडेचार किलोमीटरहून अधिक सरासरी उंचीचे तिबेटचे पठार उन्हाळ्यात तापते आणि वातावरणाच्या मधल्या थराला थेट उष्णता पुरवते. त्याच वेळी हिमालयाची रांग मध्य आशियातील थंड व कोरडी हवा अडवून भारतावरील उष्ण आणि दमट हवा तिच्यात मिसळू देत नाही. या दोहोंपैकी कोणते कार्य अधिक महत्त्वाचे, याविषयी संशोधकांत मतभेद आहेत.

उष्ण झालेल्या या प्रदेशावर वातावरणाच्या वरच्या थरात जास्त दाब निर्माण होतो. तेथून दक्षिणेकडे निघालेली हवा उजवीकडे वळून पश्चिमेकडे वाहू लागते. सुमारे १४ ते १६ किलोमीटर उंचीवरील या वेगवान प्रवाहास उष्णकटिबंधीय पूर्वीय जेट प्रवाह म्हणतात. भारतीय हवामानशास्त्रज्ञ पी. कोटेश्वरम यांनी १९५८ मध्ये त्याचे विवेचन केले. अशा रीतीने खालच्या थरात नैर्ऋत्येकडून येणारी हवा वरच्या थरातून दक्षिण गोलार्धाकडे परत जाते आणि अभिसरणाचे चक्र पूर्ण होते.

## सागरी वाऱ्याची उपमा व तिच्या मर्यादा

मोसमी वाऱ्यांचे वर्णन 'विशाल प्रमाणावरील सागरी वारे' असे केले जाते. दिवसा तापलेल्या किनाऱ्याकडे समुद्रावरून वारा येतो, तसाच उन्हाळ्यात तापलेल्या खंडाकडे येतो, अशी ही उपमा आहे. आरंभीच्या कारणापुरती ती योग्य असली, तरी तीन गोष्टींचे स्पष्टीकरण तिच्यातून मिळत नाही.

पहिली गोष्ट वेळेची. भारतातील बहुतेक भागांत जमिनीचे तापमान मे महिन्यात सर्वाधिक असते. जुलैमध्ये ढग आणि पाऊस यांमुळे जमीन बरीच थंड झालेली असते, तरीही मान्सून जुलै-ऑगस्टमध्येच सर्वांत प्रबळ असतो. याचे कारण असे की, मान्सूनला जमिनीलगतच्या तापमानापेक्षा वातावरणाच्या मधल्या आणि वरच्या थरांतील तापमानाचा फरक अधिक प्रेरणा देतो. तो फरक सुप्त उष्णतेमुळे पावसाळ्यात टिकून राहतो.

दुसरी गोष्ट स्थानाची. सर्वांत तापलेला आणि सर्वांत कमी दाबाचा प्रदेश हा थरचे वाळवंट व त्याच्या लगतचा भाग आहे. परंतु सर्वाधिक पाऊस तेथे पडत नाही. तेथील कमी दाब हा उथळ असतो. जमिनीवर एक-दोन किलोमीटरपर्यंत हवा तापून वर जाते, पण त्यावर कोरडी हवा खाली उतरत असते. ढगांना उंच वाढता येत नाही. पावसासाठी कमी दाबाबरोबरच खोलवर वर जाणारी दमट हवा आवश्यक असते आणि ती मान्सूनच्या आसाच्या पूर्वेकडील भागात आढळते.

तिसरी गोष्ट दिशेची. स्थानिक सागरी वारा काही तासच वाहतो आणि काही दशक किलोमीटरच जातो. त्याला वळण्यास पुरेसा वेळ न मिळाल्याने तो बहुतांशी किनाऱ्याला काटकोनात येतो. मोसमी वारा कित्येक दिवस वाहतो आणि त्याची दिशा मुख्यतः कोरिऑलिस परिणामाने ठरते. म्हणून आधुनिक वर्णनात मान्सून हा आंतरउष्णकटिबंधीय अभिसरण पट्ट्याचा ऋतुमानानुसार होणारा स्थानबदल मानला जातो. जमीन आणि समुद्र यांतील तापमानाचा फरक या स्थानबदलाचा विस्तार ठरवतो.

## आगमनाचे निकष

केवळ पाऊस पडला म्हणून मान्सून आला असे मानले जात नाही. मे महिन्यात केरळ, कोकण आणि पश्चिम महाराष्ट्रात गडगडाटासह वळवाचा पाऊस पडतो. तो स्थानिक तापण्यामुळे दुपारनंतर येतो आणि थोड्या वेळात थांबतो. मोसमी पाऊस मात्र बदललेल्या वाऱ्यांबरोबर येतो. म्हणून भारतीय हवामान विभाग केरळमधील आगमन घोषित करताना पाऊस, वारा आणि ढग या तिन्हींचा एकत्रित विचार करतो.

१० मेनंतर केरळ, लक्षद्वीप आणि मंगळूर या परिसरातील १४ निवडक केंद्रांपैकी किमान ६० टक्के केंद्रांवर सलग दोन दिवस २.५ मिलिमीटर किंवा अधिक पाऊस नोंदवला जावा, ही पहिली अट आहे. दुसरी अट वाऱ्याची आहे. विषुववृत्त ते १०° उत्तर या भागात पश्चिमेकडून येणारे वारे ६०० हेक्टोपास्कल दाबाच्या पातळीपर्यंत, म्हणजे सुमारे चार किलोमीटर उंचीपर्यंत पोहोचलेले असावेत आणि खालच्या थरात त्यांचा वेग ताशी २८ ते ३७ किलोमीटर असावा. तिसऱ्या अटीनुसार या परिसरातून अवकाशात जाणारी उष्णता उपग्रहाच्या मोजणीत दर चौरस मीटरला २०० वॅटहून कमी असावी. उंच ढगांचे माथे अतिशय थंड असल्याने ते कमी उष्णता उत्सर्जित करतात. त्यामुळे हा आकडा खोल, व्यापक ढगांची खूण ठरतो.

वाऱ्याच्या खोलीची अट महत्त्वाची आहे. एखाद्या चक्रीवादळामुळेही किनाऱ्यावर दोन दिवस पाऊस पडू शकतो, परंतु अशा वेळी पश्चिमी वाऱ्यांचा खोल आणि स्थिर थर तयार झालेला असेलच असे नाही.

केरळमधील आगमनाची सर्वसाधारण तारीख १ जून आहे. २०२० मध्ये सुधारित केलेल्या तारखांनुसार मान्सून मुंबईत ११ जूनच्या सुमारास पोहोचतो आणि ८ जुलैपर्यंत संपूर्ण देश व्यापतो. त्याची माघार १७ सप्टेंबरच्या सुमारास वायव्य राजस्थानातून सुरू होते.

## मान्सूनमधील खंड

एकदा स्थिरावलेला मान्सूनही अखंड पाऊस देत नाही. मान्सूनचा आस आपल्या सरासरी स्थानाच्या उत्तरेस व दक्षिणेस हलत असतो. तो दक्षिणेकडे असतो तेव्हा बंगालच्या उपसागरात निर्माण होणारी कमी दाबाची क्षेत्रे त्याच्या मार्गाने ओडिशा, छत्तीसगड, विदर्भ आणि मध्य प्रदेशावरून पश्चिमेकडे सरकतात. उत्तर गोलार्धात कमी दाबाभोवती वारे घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरतात. त्यामुळे अशा क्षेत्राच्या दक्षिण बाजूस पश्चिमेकडून येणाऱ्या वाऱ्यांना जोर येतो आणि कोकणासह मध्य भारतात पाऊस वाढतो.

आस उत्तरेकडे सरकून हिमालयाच्या पायथ्याशी गेला की, चित्र उलटते. अभिसरण पायथ्यालगत होते आणि तेथे अतिवृष्टी होते, तर मध्य भारत व महाराष्ट्राचा बहुतांश भाग कोरडा राहतो. या स्थितीस मान्सूनमधील खंड म्हणतात. पायथ्याशी येणारे पूर आणि मैदानावरील पावसाची उघडीप या एकाच स्थलांतराच्या दोन बाजू असतात.

ऑगस्ट २०२३ हे याचे ठळक उदाहरण आहे. त्या महिन्यात आस बराच काळ हिमालयाच्या पायथ्याजवळ राहिला. देशातील पाऊस महिन्याच्या सरासरीपेक्षा ३६ टक्के कमी झाला आणि १९०१ पासूनच्या नोंदींत तो सर्वांत कोरडा ऑगस्ट ठरला. त्याच महिन्याच्या मध्यास हिमाचल प्रदेशात अतिवृष्टी व दरडी कोसळून मोठी हानी झाली. त्या वर्षी पॅसिफिक महासागरात एल निन्योची स्थिती विकसित होत होती. सप्टेंबरमध्ये आस पुन्हा दक्षिणेकडे आल्यावर पाऊस सरासरीहून अधिक पडला आणि संपूर्ण हंगामाचा पाऊस सरासरीच्या ९४ टक्क्यांवर पोहोचला. हंगामाची बेरीज सरासरीच्या जवळ असली, तरी तिच्यात महिनाभराचा खंड दडलेला असू शकतो. कोरडवाहू खरीप पिकाच्या दृष्टीने खंड कोणत्या आठवड्यांत पडला, हे एकूण आकड्याइतकेच महत्त्वाचे असते.

## परतीचा प्रवास आणि ईशान्य मोसमी वारे

सप्टेंबरनंतर सूर्य दक्षिण गोलार्धाकडे सरकतो, आशियाचा भूभाग थंड होऊ लागतो आणि कमी दाबाचा पट्टा दक्षिणेकडे परततो. डिसेंबर-जानेवारीत मध्य आशियावर जास्त दाब असतो. तेव्हा भारतावरील वारे पुन्हा ईशान्येकडून वाहतात. हे वारे म्हणजे या अक्षांशांवरील मूळ ईशान्य व्यापारी वारेच होत. जमिनीवरून येत असल्याने ते बहुतेक देशात कोरडे असतात. बंगालच्या उपसागरावरून जाणारा त्यांचा भाग मात्र बाष्प घेऊन कोरोमंडल किनाऱ्यावर येतो आणि ऑक्टोबर ते डिसेंबर या काळात तमिळनाडूला पाऊस देतो.

## संकल्पनेचा इतिहास

इंग्लिश खगोलशास्त्रज्ञ एडमंड हॅली यांनी १६८६ मध्ये व्यापारी व मोसमी वाऱ्यांचा नकाशा प्रसिद्ध केला आणि सूर्यामुळे जमीन व समुद्र यांचे तापणे हे या वाऱ्यांचे कारण असल्याचे प्रतिपादन केले. वारे तिरपे का वाहतात, याचे समाधानकारक उत्तर मात्र त्यात नव्हते.

ते उत्तर १७३५ मध्ये जॉर्ज हॅडली यांनी दिले. विषुववृत्तावरील पृष्ठभाग पूर्वेकडे ताशी सुमारे १,६७० किलोमीटर वेगाने फिरतो, तर १९° अक्षवृत्तावरील पृष्ठभाग सुमारे १,५८० किलोमीटर वेगाने फिरतो. विषुववृत्ताहून उत्तरेकडे गेलेली हवा आपला मूळ वेग राखत असेल, तर १९° अक्षवृत्तावर ती जमिनीच्या तुलनेत ताशी ९० किलोमीटर वेगाने पूर्वेकडे सरकताना दिसेल. हॅडली यांची दिशा बरोबर होती, परंतु हे मूल्य सुमारे निम्म्यानेच मिळते. फिरत्या पृथ्वीवर अक्षाच्या जवळ जाणाऱ्या हवेचा वेग कायम राहत नाही, तर तिचा कोनीय संवेग कायम राहतो. म्हणून अक्षाजवळ जाताना ती अधिक वेगाने फिरू लागते आणि वरील उदाहरणात तिचा जमिनीसापेक्ष वेग ताशी सुमारे १९० किलोमीटर येतो. प्रत्यक्षातील वारा याहून बराच मंद असतो, कारण घर्षण आणि दाबाचे बल त्याला आवर घालतात.

फिरत्या संदर्भचौकटीतील या बलाचे गणित फ्रेंच अभियंते गास्पार-गुस्ताव्ह कोरिऑलिस यांनी १८३५ मध्ये मांडले. त्यांचा विषय वारा नसून फिरणारी यंत्रे हा होता. अमेरिकन शास्त्रज्ञ विल्यम फेरेल यांनी १८५० च्या दशकात हे तत्त्व वातावरणाला लागू केले आणि वारा कोणत्याही दिशेने वाहत असला, तरी तो वळतो हे दाखवले. हॅडली यांच्या स्पष्टीकरणात उत्तर-दक्षिण वाहणाऱ्या वाऱ्याचाच विचार होता. पूर्व-पश्चिम वाहणाऱ्या वाऱ्यावरही तेवढेच बल कार्य करते, हे कळल्यानंतर अरबी समुद्रावर पूर्वेकडे वाहणारा मोसमी प्रवाह आणि त्याच्या उत्तरेकडील कमी दाब यांच्यातील समतोल स्पष्ट करता आला.